गच्चीवर जाण्यासाठी लोखंडी जिना बसवताय? चॅनेलपासून रेलिंगपर्यंत काय तपासावं, जाणून घ्या

टेंभुर्णी : पुणे-सोलापूर महामार्गावरच्या टेंभुर्णीत आणि आसपासच्या गावांत एकमजली स्लॅबची घरं वाढली, पण बांधताना अनेकांनी जिना मागे ठेवला. खर्च वाचतो, जागा वाचते आणि 'पुढे बघू' म्हणून काम राहून जातं. मग पाण्याची टाकी धुवायची असते, सोलर बसवायचा असतो, उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घालायचे असतात. शिडी लावून हे फार दिवस चालत नाही. शेवटी वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये जाऊन लोखंडी जिन्याची ऑर्डर दिली जाते.

जिना दोन-तीन दिवसांत उभा राहतो. मात्र पहिल्या पावसाळ्यानंतर तो हलायला लागतो, स्लॅबजवळच्या फास्टनरभोवती भेगा दिसतात, किंवा वरची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच असल्याने रोज ठेच लागते. यातल्या बहुतेक चुका वेल्डिंग सुरू होण्याआधीच झालेल्या असतात. एका साध्या घराचं उदाहरण घेऊन हे काम टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

माप कुठून कुठपर्यंत घ्यायचं?

समजा, एका घराची गच्ची जमिनीपासून १० फूट २ इंचांवर आहे. टेप लावला, माप आलं आणि त्यावर जिना बनवला. सहा महिन्यांनी गळती थांबवण्यासाठी गच्चीवर ब्रिकबॅट कोबा झाला आणि स्लॅबची पातळी ४ इंचांनी वर गेली. आता शेवटची पायरी ७ ऐवजी ११ इंचांची झाली. चढताना पाय सवयीने ७ इंचच उचलला जातो आणि तिथेच माणूस अडखळतो. डोक्यावर टोपलं असेल, तर पायाखालचं दिसतही नाही.

म्हणून माप नेहमी तयार पातळीपासून तयार पातळीपर्यंत घ्यायचं. खाली पेव्हर ब्लॉक बसणार असतील तर त्यांची जाडी आणि वर कोबा होणार असेल तर त्याची जाडी आधी धरायची. जमिनीला उतार असतो, म्हणून भिंतीजवळ घेतलेलं माप उपयोगाचं नाही. जिन्याची पहिली पायरी जिथे येणार, त्या जागेची पातळी पाण्याच्या नळीने भिंतीवर आणायची आणि तिथून वर मोजायचं.

आपल्या उदाहरणात कोब्यासह उंची १० फूट ६ इंच, म्हणजे १२६ इंच होते. तिला १८ ने भागलं की प्रत्येक पायरी बरोबर ७ इंचांची येते. पाऊल ठेवायची रुंदी १० इंच ठेवू. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घराच्या जिन्यात पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त आणि रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा कमी नको. ७ इंच म्हणजे १७८ मिलिमीटर आणि १० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. दोन्ही मापं मर्यादेत बसतात.

सरळ एकच जिना की मध्ये थांबा?

पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तिरक्या चॅनेलला स्ट्रिंगर म्हणतात. १८ टप्प्यांचा जिना सरळ एका रेषेत काढला, तर स्ट्रिंगरची लांबी सुमारे १७ फूट ८ इंच होते. चॅनेल साधारण २० फुटांचं येतं, त्यामुळे 'एका नगात एक बाजू' हा हिशेब सोपा वाटतो. अनेक जिने असेच बनतात आणि तेच पुढे हलतात.

कारण असं, की चॅनेल तुटणं आणि चॅनेल लवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. घराच्या जिन्यासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरतात. तो धरून १०० मिलिमीटर चॅनेलचा (आयएसएमसी १००) ३ फूट रुंदीचा सरळ जिना तपासला, तर चॅनेल तुटत नाही. पण पूर्ण भाराखाली मध्यभागी सुमारे इंचभर लवतं. रोज एक-दोन माणसं चढताना हा लवचिकपणा हादऱ्यासारखा जाणवतो. प्रत्येक हादऱ्याबरोबर वेल्डिंगवर आणि फास्टनरवर ताण येतो.

त्यावर उपाय जाड चॅनेल हा आहेच, पण त्याहून चांगला उपाय मध्ये थांबा देणं हा आहे. ९ टप्पे चढले की ५ फूट ३ इंचांवर ३ फूट बाय ३ फुटांचा लँडिंग आणि मग पुन्हा ९ टप्पे. लँडिंग चार खांबांवर उभा राहतो. आता प्रत्येक टप्प्यात ८ पायऱ्या येतात आणि स्ट्रिंगरचा आडवा गाळा १४ फुटांवरून ६ फूट ८ इंचांवर येतो. सारख्याच भाराखाली लवणं हे गाळ्याच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. त्यामुळे गाळा निम्म्याहून थोडा कमी झाला, तरी लवणं सुमारे २० पट घटतं. इंचभर लवणारं तेच चॅनेल आता दीड मिलिमीटरच्या आत राहतं.

शिवाय प्रत्येक स्ट्रिंगर साधारण साडेआठ फुटांचा होतो, म्हणजे २० फुटी चॅनेलमधून दोन निघतात. चॅनेलचे नग तितकेच, दोनच लागतात. जास्तीचा खर्च लँडिंगच्या चौकटीचा, खांबांचा आणि त्यांच्या पायाचा. थांब्यामुळे वर जाताना सामान टेकवायला जागा मिळते आणि पाय घसरलाच, तर माणूस थेट जमिनीपर्यंत येत नाही. लँडिंगवर जिना काटकोनात वळवला, तर छोट्या अंगणातही तो बसतो.

पायरीसाठी ५ मिलिमीटर प्लेट पुरते का?

पुरते, पण नुसती सपाट नाही. ३ फूट लांब, १० इंच रुंद आणि ५ मिलिमीटर जाड चेकर्ड प्लेट दोन्ही टोकांना फक्त टेकवली आणि मध्ये १०० किलोचा माणूस उभा राहिला, तर ती सुमारे ३० मिलिमीटर लवेल. टोकं वेल्ड केली की लवणं कमी होतं, पण तो ताण मग वेल्डिंगवर जातो. पायऱ्यांचे टाके उघडण्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

त्याच प्लेटच्या पुढच्या आणि मागच्या कडेला २ इंचांचा घोळ खाली वाकवला, तर पायरी शंभरपटीहून अधिक ताठ होते आणि लवणं अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतं. लोखंड वाढतं ते फक्त ४ इंच रुंदीच्या पट्टीइतकं. वाकवणं प्रेस ब्रेकवर करून घ्यावं लागतं; जिथे ते मशिन नाही तिथे प्लेटखाली दोन्ही कडांना अँगल लावून हेच साधता येतं.

प्रत्येक पायरीचं टोक स्ट्रिंगरला केवळ टाक्यांवर सोडू नये. प्लेटच्या खालून आणि घोळाच्या उभ्या कडेला सलग वेल्ड हवा. पायरी किंचित पुढे उतरती ठेवली, तर पाणी साचत नाही. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा दुपारच्या उन्हातली लोखंडी पायरी अनवाणी पायाला चटका देते. फिकट रंगाने हा त्रास कमी होतो. मात्र गुळगुळीत ऑइल पेंटचे जाड थर देऊन चेकर्डच्या नक्षीची पकड बुजवू नये.

खालचा पाया इतका महत्त्वाचा का?

टेंभुर्णी भीमेच्या खोऱ्यात, उजनी धरणाजवळ आहे आणि या पट्ट्यात काळी माती भरपूर आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. घराचा पाया खोल मुरमापर्यंत गेलेला असतो, त्यामुळे घर स्थिर राहतं. जिन्याचे खांब मात्र अनेकदा फूटभर खड्ड्यात थोडं काँक्रीट ओतून उभे केले जातात, किंवा थेट अंगणातल्या फरशीवर प्लेट ठेवून फास्टनर मारले जातात.

मग ऋतूनुसार जिन्याचं खालचं टोक वर-खाली होतं आणि वरचं टोक स्लॅबला घट्ट पकडलेलं असतं. मधली सगळी ओढाताण वरच्या फास्टनरवर येते. वरच्या भेगा पाहून 'स्लॅब कच्चा आहे' असं म्हटलं जातं, पण दोष बऱ्याचदा खालच्या खड्ड्यात असतो.

म्हणून लँडिंगच्या चार खांबांसाठी आणि पहिल्या पायरीजवळ दोन्ही स्ट्रिंगरसाठी खड्डे मुरूम लागेपर्यंत खोदायचे. काही ठिकाणी तो अडीच फुटांवर लागतो, काही ठिकाणी बराच खोल असतो. प्रत्येक खड्डा साधारण दीड फूट बाय दीड फूट घ्यावा. काँक्रीट ओतताना बेस प्लेटचे वाकवलेले बोल्ट त्यातच बसवावेत आणि काँक्रीटचा माथा जमिनीपासून ४ ते ६ इंच वर ठेवावा. बेस प्लेट मातीत गाडली, तर खांब तिथूनच गंजायला सुरुवात होते आणि ते वरून दिसतही नाही. काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारल्याशिवाय त्यावर जिना चढवू नये.

स्लॅबला जिना नेमका कुठे जोडायचा?

आधी वजन किती, ते पाहू. आपल्या उदाहरणात वरच्या टप्प्यावर भार धरला तो सुमारे ५५० किलो, म्हणजे मिरवणूक पाहायला आठ माणसं जिन्यावर उभी राहिली तर जितका होईल तितका. टप्प्याचं स्वतःचं वजन अंदाजे २०० किलो. त्यातला अर्धा भार लँडिंगवर जातो, अर्धा घरावर. म्हणजे प्रत्येक स्ट्रिंगरच्या वरच्या टोकाला साधारण १९० किलो. चांगल्या काँक्रीटमध्ये नीट बसवलेले १२ मिलिमीटरचे चार फास्टनर हा भार सहज पेलतात. तरीही जोड निकामी होतात, कारण ते चुकीच्या जागी मारलेले असतात.

पहिली चुकीची जागा म्हणजे छज्जा. तो भिंतीतून बाहेर लटकलेला पातळ भाग असतो. त्याच्या टोकावर जिना टेकवला, तर मुळाशी भेग पडते आणि तो खाली येऊ शकतो. दुसरी जागा पॅरापेट. ती विटांची भिंत आहे. विटेत फास्टनर फुगला की वीट फुटते. तिसरी जागा स्लॅबची कड. साधारण ५ इंच जाड कडेत मधोमध भोक पाडलं, तरी वर-खाली फक्त अडीच इंच काँक्रीट उरतं. फास्टनर आवळताना किंवा नंतर भार आल्यावर तिथून ढलपा निघतो.

योग्य जागा म्हणजे स्लॅबखालचा बीम. शेवटची पायरी गच्चीच्या तयार पातळीपासून ७ इंच खाली असते, त्यामुळे स्ट्रिंगरचं टोक बहुतेक वेळा आपसूक बीमच्या उंचीवर येतं. तिथे १० मिलिमीटर जाडीची प्लेट लावायची आणि प्रत्येक फास्टनर बीमच्या कडेपासून किमान ४ इंच आत ठेवायचा.

प्लेटखालचं प्लॅस्टर आधी छिन्नीने काढणं गरजेचं आहे. बाहेरच्या प्लॅस्टरची जाडी पाऊण इंचापर्यंत असते आणि त्याला ताकद नसते. ते न काढता ४ इंची फास्टनर मारला, तर काँक्रीटमध्ये तो वाटतो त्यापेक्षा बराच कमी जातो. प्लेट आणि काँक्रीट यांच्यातली फट नॉन-श्रिंक ग्राउटने भरावी. ड्रिल करताना सळई लागली, तर ती कापायची नाही. भोक थोडं सरकवायचं. म्हणूनच प्लेटची भोकं बीमवरच्या भोकांवरून पाडलेली बरी.

भोकातली धूळ हा छोटा वाटणारा, पण मोठा मुद्दा आहे. धूळ राहिली की फुगणारा फास्टनर भिंतीला नीट धरत नाही आणि केमिकल अँकरचा मसाला काँक्रीटऐवजी धुळीला चिकटतो. फुंकणी, तारेचा ब्रश, पुन्हा फुंकणी असं दोन-तीनदा करावं. केमिकल अँकर वापरला, तर पाकिटावर लिहिलेली वाळण्याची वेळ पूर्ण होईपर्यंत त्यावर भार देऊ नये.

काही ठिकाणी बीमचं काँक्रीट फोडून सळई उघडी करतात आणि चॅनेल थेट तिला वेल्ड करतात. हे टाळावं. वेल्डिंगच्या उष्णतेने टीएमटी सळईची त्या जागची ताकद कमी होते आणि फोडलेल्या भागातून पाणी आत जाऊन गंज पसरतो.

घर भिंतींवर उभं असेल आणि बाहेरच्या बाजूला बीमच नसेल, तर? अशा वेळी वरच्या टोकाखालीही दोन खांब द्यावेत आणि त्यांचा पाया वेगळा करावा. मग सगळं वजन जिना स्वतः जमिनीत नेतो. घराला फक्त आधारापुरती पकड लागते, जेणेकरून जिना बाजूला झुलणार नाही.

रेलिंग कधी वाकतं?

रेलिंगला माणूस वरून टेकतो आणि पकड असते तळाशी. दर मीटरला ७५ किलोचा आडवा दाब धरला आणि खांब ३-३ फुटांवर असतील, तर एका खांबाच्या माथ्यावर साधारण ६५ ते ७० किलोचा जोर येतो. खांब ३ फूट उंच आणि तळाची पकड ३ इंच असेल, तर तरफेच्या नियमाने तळाशी हा जोर १२ पट होतो, म्हणजे सुमारे ८०० किलो. म्हणून रेलिंग वरून वाकलेलं दिसलं, तरी दोष तळाच्या जोडात किंवा पातळ पाइपमध्ये असतो.

स्वस्तात बसवलेल्या रेलिंगला बऱ्याचदा १६ गेजचा पाइप असतो, म्हणजे भिंत जेमतेम १.६ मिलिमीटर. मधल्या उभ्या गजांसाठी तो ठीक आहे, पण खांबासाठी नाही. खांबाला ४० बाय ४० मिलिमीटरचा, १२ गेज म्हणजे सुमारे २.६ मिलिमीटर जाडीचा पाइप घ्यावा. तो स्ट्रिंगरच्या बाहेरच्या अंगाला पूर्ण उंचीभर टेकवून चारही बाजूंनी, जिथे हात पोहोचेल तिथे, सलग वेल्ड करावा. पायरीच्या पातळ प्लेटवर खांब उभा करू नये.

रेलिंगची उंची पायरीच्या टोकापासून ३ फूट ते सव्वातीन फूट ठेवावी. लँडिंगवर आणि गच्चीच्या दारापाशी ती कमी होऊ देऊ नये. लहान मुलं असलेल्या घरात आडव्या पट्ट्या नकोत. त्या शिडीसारख्या चढता येतात. उभे गज लावून त्यांच्यातलं अंतर ४ इंचांपेक्षा कमी ठेवावं. पाइपची उघडी टोकं झाकणं वेल्ड करून बंद करावीत. नाहीतर पावसाचं पाणी आत साचतं आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून रंग चांगला दिसतो आणि एक दिवस हाताच्या दाबाने खांब तुटतो.

पैसे देण्याआधी काय पाहावं?

लोखंडी जिन्याचा दर बहुधा किलोवर ठरतो. आपल्या उदाहरणातला जिना रेलिंगसह साधारण ५५० ते ६०० किलोंचा होईल. म्हणून चॅनेलचं माप, प्लेटची जाडी आणि पाइपचा गेज कोटेशनवर लिहून घ्यावा आणि माल आल्यावर काटा पावती मागावी. वजन फारच कमी भरलं, तर कुठेतरी जाडी कमी केलेली आहे.

रंग लावण्यापूर्वी एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन यावं, कारण रंगानंतर वेल्ड दिसत नाही. वेल्डवरची काळी खपली ठोकून काढलेली असावी. खाली बारीक भोकं, तुटक रेघ किंवा नुसता वर बसलेला गोळा दिसला, तर तो जोड ग्राइंडरने काढून पुन्हा करून घ्यावा. जे भाग बसवल्यानंतर झाकले जाणार आहेत, उदाहरणार्थ बीमला टेकणाऱ्या प्लेटची मागची बाजू, त्यांना गंजरोधक प्रायमरचे दोन हात आधीच हवेत. जागेवर वेल्डिंग झालं की जळालेला प्रायमर घासून पुन्हा लावावा.

जिना उभा राहिल्यावर प्रत्येक पायरीची उंची टेपने मोजावी, विशेषतः पहिली आणि शेवटची. त्यात सुतासुताचा फरक चालेल, इंचाचा नाही. लँडिंगवर उभं राहून अंग डावी-उजवीकडे हलवावं. खांब डोलत असतील, तर त्यांच्यामध्ये तिरके अँगल मारून घ्यावेत. रेलिंगच्या प्रत्येक खांबाला जोराने बाहेर ढकलून पाहावं.

शेवटची तपासणी पहिला पावसाळा संपल्यावर करायची असते. बीमवरची प्लेट आणि काँक्रीट यांच्यात पोस्टकार्ड जाईल इतकी फट पडली आहे का, फास्टनरभोवती तिरक्या भेगा आहेत का, खालच्या काँक्रीटच्या माथ्याभोवतीची माती दूर सरकली आहे का, ते पाहावं. यातलं काहीही दिसलं, तर फास्टनर नुसते आवळून उपयोग नाही. आधी पाया हलला आहे का ते शोधावं आणि ते होईपर्यंत जिन्यावर एका वेळी एकाच माणसाने चढावं.